फ्लुमाझेनिल कपाटात असूनही द्यायचं नाही, ते काहून?

अजनीची_इंटर्न
नमस्कार. पीजीच्या तयारीला लागून पाच महिने झालेत. काल एका सराव परीक्षेतला प्रश्न चुकला आणि स्पष्टीकरण एका ओळीचं दिलंय, त्यामुळे अडकून बसले आहे. प्रश्न असा :

३४ वर्षांची स्त्री, बेशुद्ध, नवऱ्याने कॅज्युअल्टीत आणलं. चार वर्षांपासून रोज अल्प्राझोलाम घेते. सहा महिन्यांपासून डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलीनही सुरू आहे. उशाशी दोन्हींची रिकामी पाकिटं सापडली. नाडी १२६, बीपी ८६/५०, श्वास मिनिटाला १०, बाहुल्या मोठ्या, त्वचा कोरडी, पोटाचे आवाज मंद. ईसीजीत क्यूआरएस १३० मिलिसेकंद. पुढची पायरी कोणती?

पर्याय होते फ्लुमाझेनिल, नालोक्सोन, फायसोस्टिग्मिन, आणि श्वासमार्ग सांभाळून सोडियम बायकार्बोनेट. मी फ्लुमाझेनिल लिहिलं. बेन्झो जास्त झालीय, श्वास मंद आहे, उतारा उपलब्ध आहे. उत्तर बायकार्ब निघालं आणि खाली फक्त 'फ्लुमाझेनिल निषिद्ध' एवढंच. पाठ करायला हरकत नाही, पण उतारा असताना तो का द्यायचा नाही हे मला कळायला हवं.

इतवारीचा_केमिस्ट
ताई, दुकानात बावीस वर्षं झाली, या गोळ्या रोज हाताखालून जातात. माझी समजूत अशी की झोपेच्या जुन्या बार्बिट्युरेट गोळ्या असोत की आताच्या अल्प्राझोलाम, दोन्हींमुळे पेशीतलं क्लोराइडचं दार जास्त वेळ उघडं राहतं आणि मेंदू थंड होतो. फ्लुमाझेनिल ते दार बंद करतं. नालोक्सोनसारखाच प्रकार. बाईचं बीपी आधीच कमी आहे, दार एकदम बंद झालं तर आणखी पडेल. म्हणून देत नसतील.

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
केमिस्टभाऊ, जागा तुम्ही बरोबर सांगितली. गाबा-ए रिसेप्टर, क्लोराइडचं दार, इथवर ठीक. पण बीपीचं कारण ते नाही. आणि दोन्ही औषधं एकाच प्रकारे वागत नाहीत, या प्रश्नाचं सगळं मर्म तिथेच आहे. म्हणून जरा सावकाश सांगतो.

हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा बनलेला असतो, बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. गाबा अल्फा आणि बीटाच्या सांध्यात बसतो. बेन्झो बसते अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात, म्हणजे शेजारच्या खोलीत. तिथे बसून ती स्वतः दार उघडत नाही. गाबा आला की दार जितक्या वेळा उघडायचं त्यापेक्षा जास्त वेळा उघडतं, एवढंच तिचं काम. दार दर वेळी जास्त वेळ उघडं ठेवणं हे बार्बिट्युरेटचं काम, आणि डोस वाढला की बार्बिट्युरेट गाबा नसतानाही दार उघडू शकतं.

याचा अर्थ असा की बेन्झोची झेप शरीराच्या स्वतःच्या गाबाइतकीच. त्याच्यापुढे ती जात नाही. म्हणून तोंडाने एकटी बेन्झो जास्त घेतलेला माणूस बहुतेक वेळा खोल झोपलेला सापडतो. हलवलं की कण्हतो, नाडी-बीपी जवळपास जागेवर असतं. श्वासमार्ग मोकळा ठेवा, कुशीवर झोपवा, ऑक्सिजन द्या, लक्ष ठेवा, तो उठतो. दारू किंवा अफूवर्गातलं औषध सोबत असेल तर मात्र हे सगळं बदलतं.

आता तुमची रुग्ण पाहा. नाडी १२६. बीपी ८६. मोठ्या बाहुल्या, कोरडी कातडी, रुंद क्यूआरएस. यातलं काहीही अल्प्राझोलाम करत नाही. ही सगळी अमिट्रिप्टिलीनची खूण आहे. प्रश्नकर्त्याने बेन्झो पुढे ठेवली आणि मारणारं औषध आकड्यांत लपवलं.

अजनीची_इंटर्न
हे मी पाहिलंच नाही सर. 'श्वास १०' वाचला आणि थांबले. पण तरीही विचारते. बायकार्ब अमिट्रिप्टिलीनसाठी देऊ, मान्य. सोबत फ्लुमाझेनिल दिलं तर निदान अर्धी झोप तरी उतरेल ना? नुकसान काय?

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
नुकसान फार मोठं आहे, आणि ते एकापुढे एक येतं.

चार वर्षं रोज बेन्झो मिळालेल्या मेंदूने आपली घडी बदललेली असते. ब्रेकवर कायम बाहेरून पाय असल्यामुळे त्याने स्वतःचा ब्रेक सैल केला आणि ॲक्सिलरेटर वाढवला. रिसेप्टर बेन्झोला पूर्वीसारखा दाद देत नाही, उत्तेजक बाजू जोरात असते. बाहेरून शांत दिसतं कारण दोन्ही जोर एकमेकांना तोलून आहेत.

फ्लुमाझेनिल त्याच अल्फा-गॅमाच्या खोलीत शिरतं आणि बेन्झोला बाहेर ढकलतं. ते दार बंद करत नाही, त्याचा स्वतःचा परिणाम जवळपास शून्य. कधीच बेन्झो न घेतलेल्या माणसाला दिलं तर विशेष काही घडणार नाही. पण या बाईच्या मेंदूतून मात्र मिनिटा-दोन मिनिटांत बाहेरचा पाय निघून जातो आणि वाढवून ठेवलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी जे आलं असतं, ते टेबलावर येतं. झटका.

वर अमिट्रिप्टिलीन. ते स्वतः झटके आणणारं औषध आहे. पोटात गेलेली अल्प्राझोलाम त्याच्यावर नकळत झाकण ठेवून होती, तेच झाकण आपण उचललं. झटक्यात स्नायू आवळतात, रक्तात आम्ल वाढतं, आणि आम्ल वाढलं की अमिट्रिप्टिलीन हृदयाच्या सोडियम चॅनलला अधिक घट्ट धरतं. १३० चा क्यूआरएस आणखी रुंदावतो. पुढे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. बायकार्ब आपण नेमकं उलट्या दिशेने जायला देत होतो, पीएच ७.४५ ते ७.५५ च्या दरम्यान राखायला. एका हाताने जे सावरलं ते दुसऱ्या हाताने सांडलं.

आणि आता झटका थांबवायला काय द्याल?

अजनीची_इंटर्न
लोराझेपाम... पण ती बसायची खोलीच फ्लुमाझेनिलने अडवलेली आहे!

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
हेच. दोघांची चढाओढ असल्यामुळे बेन्झोचा डोस खूप वाढवला तर ती पुन्हा जागा घेऊ शकते, पण तेवढा वेळ हातात नसतो. अशा वेळी वेगळ्या जागी बसणारं काहीतरी लागतं, बार्बिट्युरेट किंवा प्रोपोफॉल, आणि मग नळी आलीच. जी नळी टाळायला फ्लुमाझेनिल दिलं, तीच घाईघाईत आणि वाईट अवस्थेत घालावी लागते.

नालोक्सोनशी तुलना केमिस्टभाऊंनी केली, तिचं उत्तरही इथेच आहे. नालोक्सोनने अफूच्या सवयीच्या माणसाला एकदम ओढलं तर उलट्या, जुलाब, घाम, तडफड होते, पण त्या ओढीने जीव सहसा जात नाही. शिवाय अफूवर्गीय औषध श्वास थेट बंद पाडतं, म्हणून तिथे धोका पत्करण्यासारखा असतो. बेन्झोत उलट आहे. मूळ विष एकटं असेल तर सौम्य, आणि ओढ मात्र जीवघेणी.

इतवारीचा_केमिस्ट
बीपीचं मागे घेतो. 'जास्त वेळा' आणि 'जास्त वेळ' हा फरक इतकी वर्षं एकच धरून चाललो होतो. पण एक सांगतो, पाकिटावर किती गोळ्या गेल्या हे घरचे सांगतात, रोज किती जायच्या ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे शेड्यूल एच-वनची नोंदवही आहे, रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, संख्या, सगळं लिहावं लागतं आणि तीन वर्षं जपावं लागतं. नातेवाइकाला दुकान विचारा. नेहमीचा ग्राहक असेल तर चार वर्षांची सवय आहे की कालच घेतलेली गोळी, हे पाच मिनिटांत कळतं.

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. उपयोगी आहे.

वणीहून_आलेली
मी डॉक्टर नाही, वाचत होते. माझा प्रश्न वेगळा असेल तर माफ करा. माझ्या आईला, वय ७१, सहा वर्षं अल्प्राझोलाम ०.५ सकाळ-रात्र चालू होती. मागच्या मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला नागपूरला आलो आणि गोळ्यांचा डबा घरीच राहिला. आई म्हणाली, झोपेचीच तर गोळी आहे, चार दिवस नाही घेतली तर काय होते.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी हाताला थरथर, घामाने पदर ओला. आम्ही म्हटलं नागपूरचं ऊन आहे. मग ती म्हणायला लागली की ट्यूबलाइट डोळ्यात टोचते, ताटं वाजली की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. रात्रभर डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी हळदीच्या मांडवातच तिला झटका आला, डोळे फिरले, जीभ चावली गेली. दवाखान्यात साखर पाहिली, सोडियम पाहिलं, डोक्याचा सीटी काढला. सगळं नीट. रात्री एका सिस्टरने विचारलं, आजी घरी कोणत्या गोळ्या घेतात? तेव्हा कुठे गोळीचं नाव निघालं. दिवसभर चार जणांनी 'बीपी-शुगरची गोळी आहे का' एवढंच विचारलं होतं आणि आम्ही प्रामाणिकपणे नाही म्हटलं.

गोळी परत सुरू केल्यावर एका दिवसात आई माणसात आली. आता हळूहळू कमी करतोय. तुमचं वाचून मनात आलं, हे इंजेक्शन गोळीला जागेवरून काढतं ना? मग ते देऊन आईची सवय एकदाच सोडवता येईल का?

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
नाही ताई, कृपया हा विचार सोडा. मांडवात तिसऱ्या दिवशी जे झालं ते या इंजेक्शनने दोन मिनिटांत होईल. सवय गोळीत नाही, मेंदूने बदललेल्या घडीत आहे. ती घडी परत यायला आठवडे-महिने लागतात, औषध किती लवकर बाहेर काढलं याने ती उलगडत नाही. ज्यांनी कमी करायला सांगितलं आहे त्यांच्याच हाताने चालू द्या.

अजनी, तुम्ही मात्र ताईंची पोस्ट पुन्हा वाचा. थरथर आणि घाम दारू सुटल्यावरही येतो. पण उजेड टोचणं, आवाज सहन न होणं या दोन गोष्टी कोणी स्वतःहून सांगितल्या की मी गोळ्यांबद्दल नक्की विचारतो. आणि दिवस मोजा. अल्प्राझोलाम अकरा-बारा तासांत निम्मी होते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठलं. डायझेपाम असती तर तिचं शरीरात बनणारं रूपही अनेक दिवस टिकतं, त्यामुळे आठवडाभर सगळं ठीक वाटून नंतर सुरू झालं असतं, आणि तोवर घरच्यांना बंद केलेली गोळी आठवलीही नसती.

मनोविकार_रेसिडेंट
सर, एक भर. फ्लुमाझेनिल अगदी कमी मात्रेत, दिवसभर थेंबाथेंबाने देऊन सवय सोडवण्याचे प्रयोग इटलीत आणि ऑस्ट्रेलियात झालेले आहेत. नेहमीचा उपचार नाही, आणि घरी तर नाहीच. पण ताईंचा प्रश्न अगदीच अशक्य कोटीतला नव्हता, एवढंच.

ताई, आईंना अल्प्राझोलामच कमी करत आहेत की डायझेपामवर बदललं? आम्ही तरुण माणसाला डायझेपामवर नेतो, ती सावकाश उतरते म्हणून. हिशोब अल्प्राझोलाम ०.५ बरोबर डायझेपाम १०.

कामठी_रोड_मेडिसिन
हा हिशोब इतका ठाम नका सांगू. मी शिकलो तेव्हा अल्प्राझोलाम १ बरोबर डायझेपाम १० होतं. तक्ते वेगवेगळे आहेत आणि फरक दुपटीचा आहे. ७१ वर्षांच्या बाईला तुमच्या तक्त्याने रोज डायझेपाम २० जाईल. ती साठत जाऊन पाचव्या दिवशी बाथरूममध्ये पडेल आणि खुब्याचं हाड मोडेल. वयस्क माणसाला मी बदलतच नाही, आहे तीच गोळी पाव-पाव करून उतरवतो.

मनोविकार_रेसिडेंट
आमच्या विभागात ०.५ लाच १० धरतात. पण वयस्क रुग्णाला डायझेपाम साठते हे मान्य. तिथे मीही बदलणार नाही.

कामठी_रोड_मेडिसिन
आता मूळ मुद्द्यावर माझं थोडं वेगळं मत. धंतोलीच्या साहेबांचं सगळं शास्त्र बरोबर आहे, आणि या प्रश्नात बायकार्बच. पण मी गडचिरोलीच्या आतल्या भागात काम केलंय. व्हेंटिलेटर नाही, नळी घालणारा एकटा मी, नागपूर चार-पाच तासांवर. अठरा वर्षांची मुलगी आली, आजीच्या गोळ्या खाल्लेल्या. स्वतः कधी गोळी घेत नव्हती, घरात दुसरं औषध नव्हतं, ईसीजी नॉर्मल, क्यूआरएस ८०. श्वास ७. मी फ्लुमाझेनिल ०.१ च्या पायऱ्यांनी दिलं, एकूण ०.४. डोळे उघडले, श्वास १४ वर आला, ॲम्ब्युलन्समध्ये बोलत गेली. मला आजही ते चूक वाटत नाही. 'फ्लुमाझेनिल विसरा' असं मुलांना शिकवू नये.

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
तुम्ही सांगितलेली मुलगी अगदी निवडक आहे. सवय नाही, दुसरं औषध नाही, ईसीजी स्वच्छ. तिथे मीही विचार केला असता. माझी भीती एवढीच की 'घरात दुसरं औषध नव्हतं' हे आपल्याला नातेवाईक सांगतात. सहा वर्षं गोळी घेणाऱ्या आजींच्या घरच्यांनीही चार जणांना नाहीच सांगितलं, वर वाचलंत. आणि रस्त्यात झटका आला असता तर सिस्टर आणि ड्रायव्हर दोघेच होते. पिशवीने श्वास देत आणलं असतं तरी ती आलीच असती.

दुसरं, रस्ता पाच तासांचा आहे. फ्लुमाझेनिल साधारण तासाभरात निम्मं होतं. अल्प्राझोलाम त्याहून कितीतरी टिकते. वरोऱ्यापुढे ती पुन्हा झोपली असती तर?

कामठी_रोड_मेडिसिन
झोपलीच. उमरेडच्या अलीकडे. सोबत दिलेल्या सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं, दुसरी ॲम्प्युल बरोबर होती, फोनवर आणखी ०.२ द्यायला लावलं. पिशवीने पाच तास श्वास द्यायला माणूस कुठून आणणार, हा प्रश्न धंतोलीत बसून सुटणारा नाही साहेब.

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
मान्य. तिथे मी उभा नव्हतो.

अजनीची_इंटर्न
याच परीक्षेत पुढे एक प्रश्न होता आणि तिथे फ्लुमाझेनिल बरोबर धरलंय, म्हणून आणखी गोंधळले होते. ६८ वर्षांचे गृहस्थ, कोलोनोस्कोपीसाठी मिडाझोलाम दिलं, संपल्यावर हाकेला उत्तर नाही, सॅच्युरेशन ८८. नेहमीची कोणतीही गोळी नाही. आता मला वाटतं इथे चालतं कारण औषध आपणच दिलंय, किती दिलं ते माहीत आहे, आणि मेंदूची घडी बदललेली नाही. बरोबर?

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
अगदी. आधी हनुवटी उचलून ऑक्सिजन. मग ०.२ मिलिग्रॅम शिरेतून. आपल्याकडे पाच मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये ०.५ असतं, म्हणजे दोन मिलिलिटर. एक मिनिट थांबून पाहायचं, गरज असेल तर पुन्हा तेवढंच. नेहमी एक मिलिग्रॅमच्या आत काम होतं. आणि उठून बसले, चहा मागितला, म्हणून घरी सोडायचं नाही. वय झालेल्या माणसात मिडाझोलाम रेंगाळतं, फ्लुमाझेनिल आधी संपतं. मी दोन तास तरी डोळ्यासमोर ठेवतो.

प्रश्नात फेंटानिल दिल्याचं लिहिलंय का तेवढं बघा.

अजनीची_इंटर्न
हो, ५० मायक्रोग्रॅम. ते मी महत्त्वाचं धरलं नव्हतं.

धंतोलीचा_भूलतज्ज्ञ
मग मला उत्तरपत्रिका पटत नाही. हाकेला उत्तर नसणं मिडाझोलामचं असू शकतं, पण श्वास पडलाय तो दोघांनी मिळून पाडलाय. फ्लुमाझेनिल झोप खात्रीने उतरवतं, श्वासावर त्याचा तितका भरवसा नाही. मी आधी नालोक्सोन दिलं असतं.

कामठी_रोड_मेडिसिन
५० मायक्रोग्रॅमने? श्वास मिनिटाला किती आहे आणि बाहुल्या कशा आहेत ते प्रश्नात नसेल तर मी तरी फ्लुमाझेनिलच लिहीन.

अजनीची_इंटर्न
दोन्ही दिलेलं नाही. मी प्रश्न तसाच उतरवून विभागातल्या मॅडमना दाखवते.

वणीहून_आलेली
रेसिडेंट साहेब, आईची तीच गोळी कमी करत आहेत. आता सकाळची बंद आहे आणि रात्री ०.२५ वर आलो. या आठवड्यात पुन्हा ट्यूबलाइट टोचते म्हणतेय. पुढची पायरी येत्या सोमवारी आहे.

मनोविकार_रेसिडेंट
ताई, सोमवारी पायरी उतरण्याआधी तुमच्या डॉक्टरांना उजेडाचं सांगाच. मी असतो तर इथेच दोन-तीन आठवडे थांबलो असतो, वरही गेलो नसतो आणि खालीही नाही. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत अवघड जातात, ०.२५ वरून शून्यावर एकदम कोणी उतरवलं तर थांबवा. गोळीचे दोन तुकडे करून रात्री अर्धा, असं करता येतं. थरथर किंवा घाम सुरू झाला तर सोमवारची वाट पाहू नका. आणि या वेळी कुठे गावाला निघालात तर डबा तुमच्या पर्समध्ये ठेवा.

वणीहून_आलेली
डबा आता माझ्याजवळच असतो. उद्या सकाळीच फोन करते.